डावा कौल

लालबाग, जून १९५७

प्रिय आनंदा,

चित्रशाळेत प्रवेश मिळाला होता, पण एक तारखेपासून मी गिरणीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागतोय. माझ्या हातात काही राहिलंच नाही रे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू ठरव, घरचं मी बघतो." ते नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. चौकात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडून घसा बसलाय, पण घरी 'मला हे पाहिजे' म्हणायला आवाज निघेना.

शेवटी देवावर सोडलं. आमच्या गाववाल्यांच्या खोलीत भिवाकाका गुरव कौल लावतात. त्यांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर चित्रशाळा, डावी पडली तर गिरणी. उजवी पडली. आई गूळ वाटायला उठली. मी म्हटलं, माझं मन एकाग्र नव्हतं, पुन्हा लावा. पुन्हा उजवीच. काका म्हणाले, "देवान सांगल्यान ना? मगे परत कित्याक?"

काकांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून तिसऱ्या वेळी पाकळ्या मीच लावल्या. उजवी भरपूर पाणी लावून, नीट दाबून. डावी नुसती टेकवून. डावी पडली. काका समईची वात सारखी करत बसले.

माझी रंगांची पेटी तुझ्याकडे पाठवतोय.


देवाच्याच मनात नव्हतं, तिथे आपण काय करणार?

तुझा,
गुणाजी