शनिवार, चार वाजता

मामांची मागणी तिसऱ्यांदा आली: त्यांच्या मुलीचा प्रबंध मी लिहून द्यावा. पहिल्या खेपेस मी वेळ नसल्याचे सांगितले, तर ते सुट्टी लागण्याची वाट पाहत राहिले. दुसऱ्या खेपेस डोळ्यांचे निमित्त केले, तर त्यांनी टंकलेखक घरी पाठवला. सबब म्हणजे समोरच्याला सोडवायला दिलेले गणित, एवढे शहाणपण मला विद्यापीठात तीस वर्षे शिकवल्यावर आले. या वेळी कारण दिले नाही.

“मामा, मी लिहून देणार नाही. तिनं लिहिलेलं मात्र दर शनिवारी चार वाजता वाचीन.”

“सख्ख्या मामाला नाही म्हणतेस? कडेवर खेळवलंय तुला!”

“खेळवलंत, म्हणूनच शनिवार तुमच्या लेकीचा. पण लिहून देणार नाही. चहात साखर एकच ना?”

चहा संपवून ते गेले.

शनिवारी मामेबहीण आली, हातात खाडाखोडीने भरलेली चार पाने. मागे मामा, चेहरा आंबट, पण आलेले.

ते चपला काढेपर्यंत ती माझ्या कानाशी कुजबुजली, “ताई, तू बाबांना नाही म्हणालीस, तेव्हा पहिल्यांदा कळलं, मला हे जमेल असं घरात कुणालातरी वाटतंय.”