चार मेणबत्त्या

वाहिनीच्या पन्नाशीच्या सोहळ्यात प्रेक्षकांच्या आठवणीतला प्रयोग दाखवायचा होता. निर्मात्याने एका प्रेक्षकाचं पत्र टेपा सांभाळणाऱ्या बाईंपुढे टाकलं. "ताटलीत पाणी, पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास, ज्योत विझते, पाणी आत चढतं. प्रोफेसरसाहेबांचाच कार्यक्रम की! टेप काढा, सत्कार त्यांचा आहे."

"पत्र पुरतं वाचलंत?" बाई कडाडल्या. "एका मेणबत्तीला पाणी बोटभर चढलं, चार लावल्यावर तीन बोटं, असं लिहिलंय. साहेब एकच लावून सांगायचे, प्राणवायू जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली. मग चार मेणबत्त्यांना जास्तीचा प्राणवायू कुठून आला? ग्लास तर तोच! हवा तापून फुगते, काठाखालून बुडबुडे होऊन पळते. ज्योत विझली की उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाणी आत रेटते. हे दाखवलं तेव्हाच्या दुसऱ्याच, शनिवारच्या कार्यक्रमात."

"असेल. पण त्या टेपेत नुसते हात दिसतात."

"बाईचा चेहरा पडद्याला शोभत नाही, असं वरच्यांनी ठरवलं होतं म्हणून! वर्षभरात कार्यक्रमही गुंडाळला."

"मग झालं तर. वरून साहेबांचा आवाज चढवू. ते हात आता कोण ओळखणार?"

बाईंनी टेप लावली. पडद्यावर दोन हात मेणबत्त्या पेटवू लागले. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग होता.

बाईंनी आपला डावा अंगठा निर्मात्याच्या नाकासमोर धरला.