डबल बेल

बस चालवणं संपलं, तेव्हा पहिला महिना आमचे हे भलतेच खुशीत होते. उशिरापर्यंत लोळायचे, दुपारभर गाणी ऐकायचे. मग बिनसलं. पहाटे ड्यूटीच्या वेळेला आपसूक जाग यायची आणि जायचं कुठेच नसायचं. माझ्या भाजी चिरण्यातही खोट काढायला लागले. कोणी “काय करता?” विचारलं, की “ड्रायव्हर…” म्हणून मध्येच गप्प.

“मी आता कोण गं?” एकदा मलाच विचारलं.

आज सकाळी मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि हातात रिकामं ताट दिलं. “चला ड्रायव्हरसाहेब, सोडा गाडी!”

किती दिवसांनी हसले! ताठ बसले, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि थांबले.

“अगं, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही.”

घरात आम्ही दोघंच. मी तोंडाने टण टण करणार, तेवढ्यात आतल्या खोलीत दोनदा घंटी वाजली.

ह्यांनी मजेत ॲक्सिलरेटर दाबल्यासारखा जमिनीवर पाय दाबला. टेबलावरच्या कपातला चहा मागे हिंदकळला. मी पटकन भिंत धरली.

“आजी, जरा पुढे सरका,” माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं. “मागे खूप माणसं आहेत.”