चौथा एक्स

भुजंगने तह मोडला. खरंच मोडायचा का, असं कॉम्प्युटरने विचारून पाहिलं. भुजंगने दातओठ खात पुन्हा बटण दाबलं आणि आपल्या लाल तोफा मच्छिंद्रच्या हिरव्या मुलखात घुसवल्या.

मच्छिंद्र त्याचा थोरला चुलतभाऊ. वाटूर फाट्यावरचा कॉम्प्युटर क्लास दोघांच्या भागीत होता. या घडीला मच्छिंद्र बाहेर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. दोघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळत, आणि एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही असा नियम होता. डावावर क्लास लागला होता. हरेल त्याने फाटा सोडायचा.

भुजंगचं डोकं फिरायला कारण होतं. परतूरला मोठा क्लास चालवणाऱ्या साहेबरावांची नजर वाटूरवर आहे, हे फाट्यावरचं शेंबडं पोरही सांगत होतं. आणि मच्छिंद्र दर रविवारी गुपचूप त्याच साहेबरावांकडे जात होता! विकायला काढला असणार क्लास, दुसरं काय? जाब विचारला तर म्हणे, "आत्ता न्हाई सांगता येत." एवढ्यावर कुणाचंही टाळकं सरकेल.

"मंग डावातच ठरू दे," भुजंग ओरडला होता. मच्छिंद्र नको नको म्हणत होता. "भेलास का?" म्हटल्यावर मुकाट खेळायला बसला.

हा खेळ मच्छिंद्रनेच त्याला शिकवला होता. या जातीच्या खेळांना चार एक्सचे खेळ म्हणतात, कारण त्यातली चारही कामं इंग्रजीत त्याच उच्चाराने सुरू होतात. एक्सप्लोर म्हणजे शोधायचं. सुरुवातीला नकाशा सगळा काळा. एक स्वार सोडायचा. तो जाईल तिथला अंधार हटतो आणि नदी, लोखंड, शेजारी दिसू लागतात. मग एक्सपांड, पसरायचं. गावातली माणसं काढून पुढे नवं गाव वसवायचं. जुनं गाव तेवढं लहान होतं, आणि राजधानीपासून फार लांब गेलं की वसूल मधेच गळतो. तिसरा एक्सप्लॉइट. जमीन, खाणी, माणसं राबवायची, त्यातून धान्य, नाणी आणि विद्या काढायची. फार पिळलं तर गाव बंड करतं. चौथा एक्स्टर्मिनेट. समोरच्याचं शेवटचं गाव घेतलं की तो नकाशावरून पुसला जातो, फौजेसकट.

"चौथा केलाच पाहिजे असं न्हाई," मच्छिंद्र तेव्हा म्हणाला होता. "सगळ्यात आधी सगळी विद्या शिकला तरी डाव जिंकता येतो." भुजंगच्या ते कानावरून गेलं होतं. त्याला पहिल्यापासून तोफांचंच वेड.

आता त्या तोफा सुटल्या. हिरवं पहिलं गाव पडलं. तिथे एक शिपाई नव्हता. दुसऱ्यातही नाही. नुसत्या शाळा आणि ग्रंथालयं! "मला एवढा कमी समजतो?" भुजंग स्वतःशीच चरफडला. फुकट मिळालेला विजय त्याला शिवीसारखा लागला. मच्छिंद्रच्या पाळ्या आल्या आणि गेल्या, पण लाल मुलखाकडे एकही तोफ वळली नाही.

डोंगरावरचं गाव घेतलं तेव्हा पलीकडचा अंधार हटला. हिरवी सगळी फौज तिथे खिंडीत उभी होती. समोर पिवळं राज्य होतं. ते कॉम्प्युटर स्वतः खेळत होता, आणि त्याची फौज लाल-हिरव्या दोघांना पुरून उरली असती. लाल मुलखात उतरायला पिवळ्यांना ती एकच वाट होती. हिरवे शिपाई ती अडवून बसले होते.

भुजंगने पाहिलं. पण रागात माणूस पाहतो तेवढंच. "येड्यानं फौज भलतीकडंच लावली," असं म्हणून त्याने शेवटचं गाव घेतलं. खिंडीतले शिपाई एका क्षणात नाहीसे झाले.

"हरलास!" तो दारातून ओरडला.

मच्छिंद्र आत आला. त्याने पडद्यावरची रिकामी खिंड पाहिली. पिशवीत कपडे कोंबून त्याने जालन्याची गाडी धरली. जाताना एवढंच म्हणाला, "पोरांचा क्लास बुडवू नको."

पुढे रोज भुजंग एकटाच खेळत राहिला. पिवळे खिंडीतून पुरासारखे उतरले. त्याने तह मागितला, तर पडद्यावर उत्तर आलं की शब्द मोडणाऱ्यांशी आम्ही बोलत नाही. लाल गावं एकेक करून पिवळी होत गेली. भुजंग टेबलावर मुठी आपटून कॉम्प्युटरला शिव्या घालत होता.

रविवारी दारात जीप थांबली. साहेबराव उतरले.

"मच्छिंद्र कुठंय? आज शिकवायला आला न्हाई."

"कुणाला शिकवायला?" भुजंगने गुरकावून विचारलं.

"माझ्या पोरांना. परतूरला. दर ऐतवारी येऊन फुकट शिकवून राह्यला होता की."

"फुकट? कशापायी?"

साहेबरावांनी समोरच्या बंद गाळ्याकडे बोट केलं. "तो गाळा मी कवाच घेतलाय. इथं उघडू नका, माझ्या भावाचं दुकान बसंल, म्हणून गयावया करीत आल्ता. त्याला सांगू नका, तापट हाय, म्हणला. मंग अशी बोली झाली. त्यानं शिकवायचं, मी उघडायचं न्हाई. कुठं गेला तो?"

"गेला," भुजंग कसाबसा म्हणाला. "आता येणार न्हाई. मीच घालवलं."

साहेबरावांनी समोरच्या गाळ्याकडे नजर टाकली. मग वळून जीपकडे हाक मारली, "ए, गाळ्याची किल्ली आण रे."