ओटीचा आंबा

आज्जांनी विभूतीचा अंगठा मंजुश्रीच्या कपाळाशी आणला आणि तिथंच थांबवला. दुसऱ्या हातात तिचं पत्र होतं.

आज्जांना, म्हणजे तिच्या आजोबांना, आता ऐकू येत नव्हतं. म्हणून लातूरहून ती सगळं लिहूनच आली होती. बाळ झोपलं की चार ओळी, उठलं की पेन खाली. गावातल्या गरोदर बायांना रोजचा डबा द्यायचा, त्यासाठी न्यास काढायचा. न्यासपत्र तयार होतं, विश्वस्तांच्या सह्या तेवढ्या बाकी होत्या. पहिल्याच कलमात नाव : ओटीचा आंबा प्रतिष्ठान.

'या नावाची दुसरी संस्था नाही, वकिलांनी बघितलं,' तिनं लिहिलं होतं. 'पण धर्मादाय कार्यालयात एकदा नोंद झाली, की नाव बदलायला पुन्हा ठराव, पुन्हा बदल अर्ज, पुन्हा चौकशी. आणि ज्याचं हे नाव, ते झाड आपल्या रानातलं. म्हणून आधी तुमचा आशीर्वाद हवा. या झाडाच्या आंब्यांनी गावच्या लेकीसुनांच्या ओट्या भरल्या म्हणून हे नाव, असं प्रस्तावनेत घातलंय.'

"ओट्या भरल्या म्हणून तुला कोण सांगितलं?"

तिनं पत्राच्या पाठीवर लिहिलं, 'आईनं. तिला आज्जीनं.'

"आज्जी तुझी चांगली होती," आज्जा म्हणाले. "झाकून घ्यायची." मग विचारलं, "पहिला डबा कुणाला?"

'केवळाबाईंच्या नातसुनेला. सातवा चालू आहे.'

"केवळाला नाव सांगितलीस?"

मंजुश्रीनं हसत मान डोलावली आणि लिहिलं, 'प्रस्तावनाच वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, नाव बराबर हाय पोरी. कशावरून पडलं ते तेवढं तुझ्या आज्ज्याला इचार.'

आज्जांनी ते वाचलं. अंगठा खाली आला. विभूती त्यांनी धोतराला पुसून टाकली.

"केवळाचाबी तवा सातवाच होता, अव्वा. आपल्याच रानात खुरपायला होती. आंबट खावं वाटलं आसंल. खाली पडलेल्या कैऱ्या ओटीत घेतली. मी तिला झाडाखाली उभी केलो, चार माणसांत, आन् पदर झाडायला लावलो."

मंजुश्रीच्या मांडीवरचं बाळ पेनाकडे हात करू लागलं. तिनं त्याला पेन घेऊ दिलं. केवळाबाईंच्या ओट्यावर बसून आपण केवढ्या कौतुकानं वाचत होतो, ते तिला आठवलं. त्या पूर्ण ऐकून घेत होत्या.

"गाव तवापासून म्हणतंय ओटीचा आंबा," आज्जा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बाळाच्या मुठीतून पेन हळूच सोडवून तिच्यापुढं धरलं.

"नाव ऱ्हाऊ दे. कारण तेवढं खरं लिही."