डावीकडची सीट

"वाढदिवसाच्या शुभेच्छा! कालचं विसरून जाऊ," असं बायकोला लिहून श्रीधरने लगेच पुसलं. विसरायचं की नाही, हे ठरवणारा तो कोण? काल बहिणीकडे जेवताना सगळ्यांसमोर तोच म्हणाला होता, "रेवतीच्या हाती गाडी देण्यापेक्षा चालत गेलेलं बरं." सगळे हसले. घरी आल्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि आज सकाळी त्याचा चहा झाकून ठेवून ती न बोलता शाळेत शिकवायला निघून गेली.

"माझं चुकलं, पण तूही..." त्याने 'पण'पासून पुढचं पुसलं. केकचं चित्र टाकलं, तेही काढलं. लाच दिल्यासारखं वाटत होतं.

मग जे खरं होतं तेच लिहिलं. "जूनमध्ये माझ्या छातीत कळ आली, तेव्हा भर धुक्यात घाटातून गाडी तूच उतरवलीस. काल हे सांगायला हवं होतं. राग सोडायची घाई करू नकोस. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

पाठवता पाठवता तो थांबला. हसं केलं चारचौघांत, आणि कबुली मात्र कानात? त्याने घाटाची गोष्ट आधी घरच्या ग्रुपवर टाकली. शुभेच्छा फक्त तिला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "देवळात जायचंय. येतोस?"

तो डावीकडे बसला. पहिल्याच वळणावर त्याचा पाय आपसूक खाली दाबला गेला.

"तिकडे ब्रेक नाहीये," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली.