चेहरा सटवाजींचा

नर्मदाबाईंनी पिशवीतून हिरवी बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि तिथलाच निळा मार्कर सटवाजींच्या पुढ्यात सरकवला.

"लिवा, भाऊ. पंपाला किती टाकू?"

झरीतल्या या कृषी केंद्रातून औषध नेणाऱ्याला सटवाजी बाटलीवर प्रमाण स्वहस्ते लिहून देत. लेबलावरची बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नसे. निळ्या अक्षरांवर मात्र सगळे चालत. ही बाटली त्यांच्या दुकानातली नव्हती. तिच्यावर घटकांची नावे नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता, उत्पादकाचा पत्ताही नव्हता.

"मावशी, हे म्या विकलेलं न्हाई."

"तुमीच तर घ्या म्हणून सांगायलाव फोनमधी. म्हणून तर मागिवली."

आठवड्यातली ही चौथी बाटली होती. सटवाजींची मुलगी निकिता संगणकापासून उठली आणि तिने नर्मदाबाईंच्या फोनवरची जाहिरात लावली. सटवाजींच्या स्वतःच्या फोनवर ती कधी उमटलीच नव्हती; पैसे भरणाऱ्याने ती कोणत्या भागातल्या, कशात रस असलेल्या लोकांना दिसावी हे ठरवून दिले होते.

"हे बघा, आजी." तिने व्हिडिओ थांबवला. "भुवयांपासून हनुवटीपर्यंत पप्पा आहेत. कान, केस, मान दुसऱ्याची. पप्पांचे कान लहानपणी टोचलेत, या माणसाचे नाहीत."

मग तिने व्हिडिओ एकेक चौकट करत पुढे नेला. बाटली तोंडासमोरून गेली तेव्हा क्षणभर ओठ बाटलीवर उमटले आणि पुन्हा मागे गेले. चेहरा चढवणाऱ्या प्रणालीला मध्ये आलेली वस्तू ओळखता आली नव्हती. कच्चा माल नकळत सटवाजींनीच पुरवला होता: त्यांनी इंटरनेटवर टाकलेले फवारणीच्या सल्ल्याचे एकेचाळीस व्हिडिओ, समोरून, बाजूने, उन्हात, सावलीत. आवाजही त्यांतूनच घडवला होता.

"आवाज माझाच हाय," सटवाजी म्हणाले. "पण म्या असं बोलतो का? 'शेतकरी बंधूंनो, संकोच करू नका.' उभ्या जन्मात म्या संकोच हा शब्द काढला न्हाई."

"कान कोण बघतंय, बाबा," नर्मदाबाई म्हणाल्या. "माणूस तोंड बघतंय. आन् तितं कसं गोड सांगितलं तुमी. हितं आलं की बदलले. तुमच्याकडचा माल पडून ऱ्हाईल म्हणून का?"

मागे रांगेत फोन हातात घेऊन उभा असलेला बजरंग हसला.

निकिताने जाहिरातीविरुद्ध ती दाखवणाऱ्या ॲपच्या कंपनीला कळवले होते. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: तपासणीत नियमभंग आढळला नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवल्यावर जाहिरात टाकणारे पान बंद झाले. तोवर तोच व्हिडिओ आणखी तीन पानांवर सुरू होता. सटवाजींनी खुलाशाचा व्हिडिओ टाकला. त्याखालची पहिली प्रतिक्रिया अशी होती: 'हा खोटा वाटतो, ओठ बघा.'

"लिवता का न्हाई?" नर्मदाबाईंनी विचारले. "तूर फुलात आलीया. दोन एकर हाय. तुमी न्हाई लिवलं तर म्या अंदाजानं टाकते. तितं दोन टोपणं म्हणलेत."

सटवाजींनी बाटलीचे टोपण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवले. आत काय आहे हे त्यांना सांगता येत नव्हते, आणि ज्यात काय आहे ते ठाऊक नाही, त्याचे प्रमाण लिहिता येत नव्हते. न लिहावे तर दोन टोपणे ठरलेली होती.

त्यांनी मार्कर उघडला. समोर लेबल असल्यामुळे बाटली फिरवून मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी ठळक लिहिले, 'फवारू नका', खाली सही केली आणि नर्मदाबाईंना ते दोनदा वाचून दाखवले. बाईंनी ती अक्षरे निरखली. मग त्यांनी बाटली पिशवीत टाकली.

"पोराला इचारते," एवढेच म्हणून त्या गेल्या.

बजरंगने युरियाचे पोते मोटारसायकलवर बांधले आणि तोही गेला. पाचच मिनिटांत निकिताच्या फोनवर गावच्या गटातला फोटो आला. काउंटरवर वाकलेले सटवाजी, एका हातात मार्कर, दुसऱ्या हातात बाटली, हिरवे लेबल पुढे. लिहिलेली बाजू त्यांच्याकडे होती. खाली बजरंगने लिहिले होते: 'सटवाजीभाऊ सोता परमान लिहून द्यायलेत. कुणाला मागवायची असंल तर लिंक वर हाय.'

"तक्रार कर," सटवाजी म्हणाले. "आत्ताच कर."

निकिताने तो फोटो मोठा करून काठाकाठाने तपासला.

"काय लिहू, पप्पा? हा खरा आहे."